फी शून्य, तरी सातशे वीस रुपये गेले: परदेशातून आलेल्या पैशांची पावती कशी वाचायची

मुलाने शारजातून २,००० दिरहम पाठवले आणि बडोद्यात दांडिया बाजारातल्या आईच्या मोबाइलवर ४७,२८० रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. पाठवायला खर्च किती आला? पावतीत फीच्या पुढे शून्य आहे, म्हणून घरातले सगळे म्हणतात, काहीच नाही. खरा खर्च ७२० रुपये आहे. तो पावतीत कुठेही वेगळा लिहिलेला नाही, पण तो काढायला लागणारे सगळे आकडे पावतीत असतात, एक सोडून. तो एक आकडा आपण स्वतः शोधायचा असतो.

बडोद्यातल्या मराठी घरांतली बरीच मुलंमुली आज आखातात आहेत, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरोघरी असे मेसेज येतात. आई-वडील जमा झालेली रक्कम बघतात, मुलगा खात्यातून किती गेले ते बघतो. मधलं कुणीच बघत नाही, कारण पावतीचा फोटो मागायची पद्धत नाही. ती पद्धत पाडावी असं मला फार वाटतं. आखातात दिवसभर उन्हात उभं राहून किंवा गोदामात रात्रपाळी करून मिळवलेला पैसा असतो तो. त्यातले सातशे रुपये कुठे गेले हे घरच्यांना कळायला हवं.

पुढचे भाव दाखल्यासाठी घेतले आहेत. हिशेब सोपा जावा म्हणून एका दिरहमचा बाजारातला भाव बरोबर २४ रुपये धरला आहे. तुमच्या पावतीच्या दिवशी तो वेगळा असेल, रीत मात्र हीच.

पावतीत नसलेला आकडा

बँका आपापसात डॉलर किंवा दिरहम ज्या भावाने घेतात आणि ज्या भावाने विकतात, त्या दोन भावांच्या बरोबर मध्ये येणारा भाव म्हणजे मधला भाव. गुगलवर चलनाचा भाव शोधला तर साधारण हाच दिसतो. हा भाव सामान्य ग्राहकाला सहसा मिळत नाही आणि मिळावा अशी अपेक्षाही नाही. पैसे पाठवणारी संस्था या भावाच्या थोडं खाली आपला भाव ठेवते आणि मधला फरक तिची कमाई असते. त्या फरकाला मार्जिन म्हणतात. २४ रुपयांचा दिरहम तिने २३.६४ ला धरला, तर प्रत्येक दिरहममागे ३६ पैसे तिने ठेवून घेतले. २,००० दिरहमवर त्याचे ७२० रुपये होतात. सराफाच्या दुकानावर 'घडणावळ माफ' अशी पाटी असली, तर आपण सोन्याचा भाव काय लावलाय ते आधी विचारतो. इथेही विचारायचं तेच.

दिरहमच्या बाबतीत मधला भाव पडताळायची एक पक्की सोय आहे. संयुक्त अरब अमिरातीने आपलं चलन १९९७ पासून डॉलरला बांधून ठेवलं आहे: १ डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. त्यामुळे रुपयाचा डॉलरशी भाव कळला की दिरहमचा भाव भागाकाराने निघतो. डॉलर ८८.१४ रुपये असेल, तर ८८.१४ भागिले ३.६७२५ म्हणजे बरोबर २४ रुपये. डॉलरचा संदर्भ दर आपल्याकडे फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामकाजाच्या प्रत्येक दिवशी दुपारी जाहीर करते. रिझर्व्ह बँक पूर्वी जे काम स्वतः करायची, ते २०१८ पासून या संस्थेकडे आहे. वाद घालायची वेळ आली तर गुगलच्या आकड्यापेक्षा हा आकडा हाताशी असलेला बरा.

एक काळजी घ्यायची. मधला भाव पावतीच्याच दिवसाचा हवा, आणि जमलं तर त्याच सुमाराच्या वेळेचा. पावतीच्या वरच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापलेली असते. पैसे शनिवारी किंवा रविवारी पाठवले असतील तर शुक्रवारी बाजार बंद होतानाचा भाव धरा. सुट्टीच्या दिवशी रुपयाचा बाजार बंद असतो. सोमवारी भाव कुठे उघडेल याचा अंदाज नसल्याने काही संस्था त्या दोन दिवसांत मार्जिन जरा वाढवून ठेवतात. मुलाला सुट्टी शनिवार-रविवारीच असते हे खरं, पण ॲपवरून पाठवता येत असेल तर तेच काम मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत करून दोन्ही भाव एकदा ताडून बघायला हरकत नाही.

पावतीतल्या ओळी

आता पावती हातात घ्या. शारजा किंवा दुबईतल्या एक्स्चेंजच्या काउंटरवर मिळणाऱ्या पावतीत कामाच्या ओळी सहाच असतात. पाठवलेली रक्कम दिरहममध्ये, भाव, फी, फीवरचा व्हॅट, मुलाने एकूण दिलेले दिरहम आणि घरी मिळणारे रुपये. व्हॅट हा तिथला कर आहे. तो २०१८ पासून ५ टक्के आहे आणि इथे तो फक्त फीवर लागतो, पाठवलेल्या रकमेवर नाही. फी २० दिरहम असेल तर व्हॅट १ दिरहम, म्हणजे एकूण २१. पावतीत व्हॅटची रक्कम याहून मोठी दिसली तर तिथेच विचारायला हवं.

सर्वांत जास्त गोंधळ 'पाठवलेली रक्कम' आणि 'एकूण दिलेली रक्कम' या दोन ओळींत होतो. शारजाचा हाच मुलगा पुढच्या वेळी दुसऱ्या एक्स्चेंजमध्ये गेला असं समजा. तिथला भाव २३.८८ होता, फी २० दिरहम अधिक १ दिरहम व्हॅट. पाठवलेली रक्कम २,००० दिरहम, आणि दांडिया बाजारात जमा झाले ४७,७६० रुपये. पहिल्या वेळेपेक्षा ४८० रुपये जास्त. मधला भाव दोन्ही दिवशी २४ च होता असं धरू, म्हणजे तुलना सरळ होईल. आईने फोनवर म्हटलं, "हाच बरा, पुढच्या वेळी इथूनच पाठव."

पण मुलाच्या खिशातून या वेळी २,००० नाही, २,०२१ दिरहम गेले होते. ४७,७६० ला २,०२१ ने भागा: दर दिरहममागे २३.६३ रुपये पडले. पहिल्या वेळी ४७,२८० ला २,००० ने भागून २३.६४ पडले होते. म्हणजे ४८० रुपये जास्त येऊनही दुसरा व्यवहार किंचित महागच होता. तेच २,०२१ दिरहम पहिल्या काउंटरवर दिले असते तर घरी ४७,७७६ रुपये आले असते.

हा एकच भागाकार लक्षात राहिला तरी पुष्कळ झालं: घरी जमा झालेले रुपये भागिले मुलाच्या खिशातून गेलेले एकूण दिरहम. येणारा आकडा हा खरा पडलेला भाव. यात मार्जिन, फी आणि व्हॅट सगळं आपोआप आलेलं असतं. तो मधल्या भावाच्या जितका जवळ, तितका व्यवहार स्वस्त. पावतीवर छापलेल्या भावाची किंवा छापलेल्या फीची एकट्याने तुलना करून काहीच कळत नाही.

काही पावत्यांत भाव उलटा छापलेला असतो. २३.६४ च्या जागी 0.04230 असा आकडा दिसतो. एका रुपयासाठी किती दिरहम लागले, असं ते लिहिणं आहे. इथे आकडा जितका लहान तितकं आपलं भलं, कारण एका रुपयाला कमी दिरहम लागले. दुसऱ्या काउंटरचा भाव अशाच रीतीने 0.04188 दिसेल. दोन पावत्या शेजारी ठेवून मोठा आकडा चांगला समजणारे बरेच जण उलट निष्कर्ष काढून बसतात. त्यात पावतीवर दशांशानंतर चारच अंक छापले असतील तर 0.04188 चं 0.0419 होतं, आणि त्यावरून उलटा भागाकार केला तर भाव २३.८८ ऐवजी २३.८७ च्या आसपास निघतो. तेव्हा छापलेला भाव उलटा असेल तर त्याच्या नादी लागू नका. रुपयांची रक्कम आणि दिरहमची रक्कम या दोन ओळी पक्क्या असतात, त्यांचाच भागाकार करा.

फी एकदाच, मार्जिन प्रत्येक दिरहमवर

वरच्या उदाहरणात दोन्ही काउंटर जवळजवळ सारखेच ठरले. तो २,००० दिरहम या रकमेचा योगायोग आहे. रक्कम बदलली की उत्तर बदलतं, आणि मला वाटतं या सगळ्या विषयात घरच्यांनी नीट समजून घ्यायची गोष्ट हीच आहे.

फी ठरलेली असते. हजार पाठवा की पाच हजार, २१ दिरहमच जातात. मार्जिन मात्र प्रत्येक दिरहमवर लागतं, म्हणून रकमेबरोबर वाढत जातं. शून्य फीवाल्याचं मार्जिन ३६ पैसे आहे, फीवाल्याचं १२ पैसे.

मुलाकडे या महिन्यात फी धरून फक्त १,००० दिरहम असतील तर शून्य फीवाल्याकडून घरी २३,६४० रुपये येतात. फीवाल्याकडे आधी २१ दिरहम वजा होऊन ९७९ उरतात आणि त्यांचे २३,३७८ होतात. इथे शून्य फीच बरी, २६१ रुपये वाचले. आता बोनस मिळाला आणि ५,००० दिरहम पाठवायचे आहेत. शून्य फीवाल्याकडून १,१८,२०० रुपये येतील, फीवाल्याकडून १,१८,८९८. आता फी भरलेलीच बरी, आणि फरक जवळपास ७०० रुपयांचा. दोन्ही पाट्या त्याच, दोन्ही भाव तेच, फक्त रक्कम वेगळी.

मग कुठे पलटतं? फीवाल्याचा भाव प्रत्येक दिरहमला २४ पैशांनी चांगला आहे. त्याच्या २१ दिरहमची त्याच्याच भावाने किंमत ५०१ रुपये. दर दिरहमला २४ पैसे वाचवून ५०१ रुपये भरून काढायला सुमारे २,०९० दिरहम लागतात. त्याच्या खाली शून्य फी, वर फीवाला. हा आकडा सगळ्यांना लागू नाही. प्रत्येक महिन्याचे भाव बघून तो पुन्हा काढावा लागतो, पण काढायची रीत इतकीच: फीची रुपयांतली किंमत भागिले दोन भावांतला फरक.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. फीवाल्याकडून महिन्यात दोनदा हजार-हजार पाठवण्यापेक्षा एकदा दोन हजार पाठवले तर एक पूर्ण फी वाचते, म्हणजे सरळ ५०१ रुपये. घरी पंधरा दिवस तग धरता येत असेल तर हे करावं. शून्य फीवाल्याकडे मात्र दोनदा पाठवा की एकदा, काहीच फरक पडत नाही. आईच्या औषधांसाठी मधेच पाचशे दिरहम पाठवायचे असतील तर ते बिनदिक्कत शून्य फीवाल्याकडून पाठवावेत.

नव्या ॲपवर पहिल्या वेळी मिळणाऱ्या भावावरून काहीही ठरवू नका. पहिल्या व्यवहाराला बऱ्याचदा खास भाव देतात, कधी तर बरोबर मधला भाव. पावतीवर 'प्रोमो' किंवा 'वेलकम' असं काही छापलेलं असतं. त्या सवलतीचा लाभ जरूर घ्या, पण तुलनेसाठी दुसरी पावती धरा.

भाव वाढला आणि खर्चही वाढला

"या वेळी भाव चांगला मिळाला" हे वाक्य बडोद्यात मी अनेक घरांतून ऐकलं आहे. बहुतेक वेळा त्यात रुपया घसरल्याचा आनंद असतो आणि त्याचं श्रेय काउंटरवाल्याला जातं.

समजा, गेल्या महिन्यात डॉलर ८६.७५ होता. ३.६७२५ ने भागल्यावर दिरहमचा मधला भाव २३.६२ निघतो. काउंटरने तेव्हा २३.५० दिला होता, म्हणजे मार्जिन १२ पैसे. या महिन्यात डॉलर ८८.१४ झाला, मधला भाव २४, आणि त्याच काउंटरने २३.६४ दिला. मुलाला वाटलं, १४ पैसे जास्त मिळाले. २,००० दिरहमवर घरी २८० रुपये जास्त आलेही. पण बाजार ३८ पैशांनी वर गेला होता. काउंटरने त्यातले १४ पैसे पुढे दिले आणि २४ स्वतःकडे ठेवले. मार्जिन १२ वरून ३६ पैशांवर गेलं, तिप्पट झालं, आणि पावती मात्र आधीपेक्षा गोड दिसली.

म्हणून दोन वेगवेगळ्या दिवसांच्या पावत्यांची तुलना भावावरून करायची नसते, मार्जिनवरून करायची. वहीत प्रत्येक पावतीपुढे त्या दिवशीचा मधला भाव लिहून ठेवला की चार-सहा महिन्यांत कोण मार्जिन स्थिर ठेवतो आणि कोण बाजार हलला की हळूच वाढवतो, हे स्पष्ट दिसतं. रुपया झपाट्याने घसरतो त्या आठवड्यात हे विशेष बघा. पाठवणारे खुशीत असतात, काउंटरवर रांग असते आणि भाव कुणी विचारत नाही.

घरी आलेली रक्कम पावतीशी जुळते का?

पावतीत एक रक्कम आणि पासबुकात दुसरी, असं झालं की घरात संशयाला सुरुवात होते. कधी मुलावर, कधी बँकेवर. रक्कम कमी का आली हे समजायला पैसे कोणत्या रूपात बडोद्याला पोहोचले ते बघावं लागतं.

एक्स्चेंजमधून किंवा बहुतेक ॲपवरून पाठवलेले पैसे इथे रुपयांतच पोहोचतात. तिथल्या संस्थेचं भारतातल्या एखाद्या बँकेत रुपयांचं खातं असतं. मुलाने शारजात दिरहम दिले की ती संस्था आपल्या त्या खात्यातून आईच्या खात्यात रुपये पाठवायला सांगते. पासबुकात ही नोंद बहुधा एनईएफटी किंवा आयएमपीएस अशी दिसते. या व्यवस्थेत भाव शारजातच लागलेला असतो, बडोद्याच्या शाखेला चलन बदलायचं कामच नसतं. त्यामुळे पावतीतले रुपये आणि पासबुकातले रुपये पैशापर्यंत जुळायला हवेत. ४७,२८० लिहिले असतील तर ४७,२८०. पन्नास रुपये जरी कमी आले, तरी ते 'चालायचंच' म्हणून सोडू नका. मुलाला पावतीचा नंबर घेऊन त्याच काउंटरवर पाठवा. चूक तिकडची असते आणि सोडवायचीही तिकडेच.

मुलाने आपल्या तिथल्या बँकेतून थेट इथल्या बँकेत पैसे पाठवले तर गोष्ट वेगळी. तेव्हा पैसे परकीय चलनात निघतात, बहुधा डॉलरमध्ये, आणि रुपये इथे होतात. आपले तेच ५,००० दिरहम या वाटेने पाठवून बघू. तिथल्या बँकेने ५० दिरहम फी आणि अडीच दिरहम व्हॅट घेतला. उरलेल्या दिरहमचे तिने आपल्या भावाने डॉलर केले. ३.६७२५ ऐवजी ३.६८५ धरले, म्हणजे इथे पहिलं मार्जिन गेलं. डॉलर झाले १,३४२.६०. वाटेत एका मधल्या बँकेने १५ डॉलर कापले. बडोद्याच्या बँकेत १,३२७.६० डॉलर पोहोचले. त्या बँकेने डॉलर ८७.४० ला घेतला, मधला भाव ८८.१४ असताना. हे दुसरं मार्जिन. रुपये झाले १,१६,०३२. त्यातून जीएसटीचे १९४ रुपये वजा होऊन खात्यात आले १,१५,८३८. एक्स्चेंजच्या काउंटरवरून हेच ५,००० दिरहम १,१८,८९८ झाले असते. तीन हजारांवर रुपये वाटेत राहिले, आणि मुलाच्या पावतीवर त्यातली फक्त ५२.५० दिरहमची ओळ दिसते.

या वाटेने पैसे आले असतील तर अर्धा हिशेब मुलाकडे असतो आणि अर्धा बडोद्याच्या शाखेत. शाखेकडून त्या व्यवहाराची 'इन्वर्ड रेमिटन्स ॲडव्हाइस' मागून घ्या. त्यात किती डॉलर पोहोचले, कोणत्या भावाने रुपये झाले आणि काय कापलं हे तिन्ही असतं. पोहोचलेले डॉलर मुलाच्या पावतीतल्या डॉलरपेक्षा कमी असतील तर कपात वाटेत झाली. मुलाच्या अर्जावर खर्च कुणी सोसायचा ते तीन अक्षरांत लिहिलेलं असतं. OUR असेल तर सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, SHA असेल तर वाटून, BEN असेल तर सगळा घरच्यांच्या रकमेतून. OUR लिहून जास्तीची फी भरलेली असतानाही वाटेत डॉलर कापले गेले असतील, तर मुलाने आपल्या बँकेकडे तक्रार करायला हवी. ती रक्कम परत मागता येते.

डॉलर पूर्ण पोहोचले आणि तरीही रुपये कमी वाटत असतील तर भाव बघा. बँकेच्या दरपत्रकात डॉलरच्या खरेदीचे दोन-तीन रकाने असतात. आलेल्या पैशांना 'टीटी बाइंग' हा रकाना लागतो. शेजारीच नोटांच्या खरेदीचा भाव असतो, तो बराच कमी असतो आणि तो सहलीहून उरलेल्या नोटा विकणाऱ्यांसाठी आहे. ॲडव्हाइसवरचा भाव त्या दिवशीच्या टीटी बाइंगशी जुळायला हवा. शाखेत जाऊन विचारलं तर रक्कम मोठी असताना या भावात थोडी सवलत मिळू शकते, मात्र पैसे जमा व्हायच्या आधी विचारलं तरच.

जीएसटीचा आकडाही तपासता येतो. आलेल्या सगळ्या रकमेवर १८ टक्के कापतात की काय, अशी धास्ती काही ज्येष्ठांना असते. तसं नाही. चलन बदलण्याच्या सेवेची किंमत म्हणून एक लाखापर्यंतच्या रकमेचा १ टक्का धरतात, किमान २५० रुपये, आणि १८ टक्के त्या किमतीवर लागतात. म्हणजे २५ हजारांपर्यंत ४५ रुपये, ५० हजारांवर ९०, एक लाखावर १८०. लाखाच्या पुढच्या रकमेवर १ टक्क्याऐवजी अर्धा टक्का धरतात, म्हणून वर १,१६,०३२ ला १९४ आले. पैसे रुपयांतच आले असतील तर इथे चलन बदललेलंच नाही, तेव्हा हा जीएसटीही नाही.

मधल्या भावापेक्षा जास्त देणारा

एकदा खरा पडलेला भाव काढायची सवय लागली की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. मजुरांच्या खोल्यांवर येऊन कुणी सांगतो, काउंटरवर कशाला जातोस, मी २४.३० देतो, फी नाही, संध्याकाळपर्यंत घरी पैसे. मधला भाव २४ असताना कायदेशीर संस्था पहिल्या व्यवहाराच्या सवलतीखेरीज इतकं देऊच शकत नाही, कारण तिला स्वतःलाच रुपया त्या भावाने मिळत नाही. असा भाव म्हणजे हवाला. परदेशातून येणारं देणं अधिकृत संस्थेशिवाय दुसऱ्या वाटेने घेणं हे १९९९ च्या फेमा कायद्याच्या तिसऱ्या कलमाखाली निषिद्ध आहे, आणि ते देणाऱ्याइतकंच घेणाऱ्यालाही लागू आहे.

घरच्यांना हे पासबुकावरून ओळखता येतं. नीट पाठवलेल्या पैशांच्या नोंदीत त्या संस्थेचं किंवा तिच्या भारतातल्या बँकेचं नाव असतं. तिथे एखाद्या अनोळखी माणसाचं नाव दिसलं, किंवा दोन-तीन वेगवेगळ्या अनोळखी खात्यांतून तुकड्या-तुकड्यांनी रक्कम पूर्ण झाली, तर मुलाला त्याच रात्री फोन करा आणि पैसे कुणाच्या हाती दिले ते विचारा. तो अनोळखी पैसा कुठल्या तरी फसवणुकीतला निघाला तर सायबर पोलीस ज्या-ज्या खात्यांत तो गेला ती गोठवायला लावतात, आणि त्यात आईचं पेन्शनचं खातंही अडकतं. अशा वेळी पोलिसांना आणि बँकेला दाखवायला मुलाकडे एक्स्चेंजची छापील पावती असावी लागते, आणि २४.३० देणाऱ्याने ती दिलेली नसते.